क्रिएटिनच्या गुठळ्या म्हणजे बिघाड नव्हे

‘लातूरहून रत्नागिरीला नेलेल्या क्रिएटिनच्या आठवड्यात गुठळ्या झाल्या. जिममधले म्हणतात, फेकून दे. खरंच खराब झालं का?’

नाही. हवेतील ओलावा कणांच्या पृष्ठभागावर बसतो आणि कण एकमेकांना चिकटतात. एवढ्याने क्रिएटिन मोनोहायड्रेटचे रासायनिक रूप बदलत नाही. कोरडी भुकटी मराठवाड्यातील मे महिन्याचे ऊनही सहज सोसते. तिचे क्रिएटिनिन या निरुपयोगी पदार्थात रूपांतर होते ते मुख्यतः पाण्यात विरघळून राहिल्यावर, आणि लिंबू पिळलेल्या आंबट पाण्यात अधिक वेगाने. म्हणून प्रवासासाठी बाटलीत आधीच कालवून ठेवणे हीच खरी चूक आहे.

गुठळी बोटांनी दाबल्यावर भुगा झाली, रंग पांढरा राहिला आणि वास आला नाही, तर ती चाळून वापरावी. मात्र गुठळ्यांमुळे चमच्याचे माप चुकते, तेव्हा रोजचे 5 ग्रॅम काट्यावर तोलून घ्यावेत. भुकटी ओलीचिंब झाली असेल, पिवळसर दिसत असेल किंवा तिला कुबट वास येत असेल, तर मात्र टाकून द्यावी.

बारा दिवसांच्या मुक्कामाला 60 ग्रॅम पुरतात. तेवढेच घट्ट झाकणाच्या, पूर्ण सुकवलेल्या लहान डबीत सिलिका जेलच्या पुडीसह न्यावेत आणि मोठा डबा लातूरलाच बंद ठेवावा. ओला चमचा आत घालू नये. फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला तर उलटाच पडतो, कारण थंड डबा कोकणातल्या दमट हवेत उघडला की आतच दव धरते.