‘भाविकांसाठी’ की ‘भाविका साठी’?

“अनुस्वार 1962 सालीच गेले ना? मग जत्रेच्या फलकावर ‘भाविका साठी’ लिहिलं तर काय चुकलं?” फोंड्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न.

गेले ते न उच्चारले जाणारे अनुस्वार. पूर्वी ‘नाहीं’, ‘केलें’ आणि एकाच घराबद्दल बोलतानाही ‘घरांत’ असं लिहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मुद्दाम राखला. आज ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. आदरार्थी बहुवचनालाही हेच लागू: ‘मुख्यमंत्र्यांचा दौरा’.

गोव्यात गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. कोकणीत ‘गोंयांत’ हे एकवचनीच रूप आहे आणि तिथे अनुस्वार बरोबरच आहे. त्या सवयीने मराठीत ‘गोव्यांत’ लिहिलं जातं. मराठीत ‘गोव्यात’ हवं.

आता फलकाकडे या. मूळ शब्द ‘भाविक’. ‘साठी’ लागताच त्याचं ‘भाविका’ होतं आणि अनेक जण असतील तर ‘भाविकां’. ही रूपं एकटी उभी राहू शकत नाहीत, म्हणून शब्दयोगी अव्यय त्यांना चिकटूनच येतं. त्यामुळे ‘भाविका साठी’ आणि ‘भाविकां साठी’ दोन्ही चूक. ‘भाविकासाठी’ शुद्ध आहे, पण ते एकाच भाविकासाठी. जत्रेला ‘भाविकांसाठी’ हेच योग्य.

‘वर’सारखा शब्द मात्र नामाला लागला नसेल तर सुटा राहतो: ‘वर ये’, पण ‘डोंगरावर ये’.