न्याय्य प्रीमियम आणि पूर्ण विमा

जोखीम नको असलेला माणूस विमा किती रकमेचा घेईल, याचं अर्थशास्त्रातलं मूळ उत्तर असं की प्रीमियम न्याय्य असेल, म्हणजे सरासरी अपेक्षित नुकसानाएवढाच असेल, तर तो पूर्ण नुकसानाचा विमा घेतो. अर्धामुर्धा नाही आणि जास्तीचाही नाही.

१७३८ मध्ये गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने दिलेलं उदाहरण इथे चांगलं चालतं. सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचा १०,००० रूबलचा माल ॲमस्टरडॅमहून जहाजाने येतोय आणि त्या मार्गावर १०० पैकी ५ जहाजं बुडतात. म्हणजे न्याय्य प्रीमियम ५०० रूबल, एका रूबलच्या कव्हरला ५ कोपेक. बाकीची मालमत्ता ५,००० रूबल धरू (हा आकडा हिशोबासाठी माझा), आणि बर्नुलीप्रमाणेच पैशाची उपयोगिता, म्हणजे त्याचं माणसाला वाटणारं मोल, लॉगरिदमने मोजू.

आता तो एकेक रूबलचं कव्हर वाढवत जातो. दर रूबलमागे जहाज पोचलं तर ५ कोपेक जातात आणि हे ९५ टक्के वेळा होतं, बुडालं तर प्रीमियम वजा जाता ९५ कोपेक हातात येतात, हे ५ टक्के वेळा. सरासरीत दोन्ही सारखंच, फायदा नाही तोटा नाही. पण जहाज बुडाल्यावर माणूस गरीब असतो, तेव्हा आलेला पैसा त्याला जास्त मोलाचा, म्हणून दोन्ही परिस्थितींत हातातली रक्कम सारखी होईपर्यंत तो कव्हर वाढवतच राहतो, आणि ती सारखी होते बरोबर १०,००० ला: जहाज पोचो की बुडो, १४,५०० रूबल. त्यापुढे गेला तर तो जहाज बुडण्यावर पैज लावल्यासारखंच झालं. यात लॉगरिदमच हवा असं काही नाही, पैसा वाढेल तशी पुढच्या रूबलची किंमत कमी होत गेली की बास, माणूस थोडा भित्रा असो की फार, उत्तर तेच.

विमाच नसेल तर त्याची जोखमीची स्थिती त्याच्या लेखी खात्रीने मिळणाऱ्या साधारण १४,२०० रूबलइतक्याच मोलाची, अर्धा विमा घेतला तर १४,४५० च्या आसपास, म्हणजे दोन्ही १४,५०० पेक्षा कमीच.

बर्नुलीच्या गोष्टीत मात्र विमेवाला ८०० मागतो, दर रूबलला ८ कोपेक. पूर्ण विमा किंवा काहीच नाही एवढेच पर्याय असतील तर आपला व्यापारी जेमतेम हो म्हणेल, कारण त्याची मर्यादा साधारण ८०२ आहे. पण कव्हर हवं तेवढं घेता येत असेल तर तो फक्त ४,२०० रूबलच्या आसपास घेईल आणि उरलेली जोखीम स्वतःकडे ठेवेल! दर न्याय्यपेक्षा वर गेला की पूर्ण विमा घेणं बरोबर नाही, हा निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञ यान मोसिनने १९६८ मध्ये मांडला. प्रत्यक्षात कंपनीचा खर्च आणि नफा प्रीमियममध्ये असतोच, त्यामुळे न्याय्य दर क्वचितच मिळतो. आणि विमेवालाच बुडून भरपाई अडकण्याची भीती असेल, तर न्याय्य दरातही पूर्ण विम्याची हमी देता येत नाही.