खुल्या समुद्रातील जलतरण

किनाऱ्यालगतच्या समुद्रात, भिंत, तळावरची रेषा किंवा आखलेली लेन यांच्या आधाराविना ठरावीक अंतर पोहण्याचा प्रकार. जलतरण तलावात न थांबता ८०० ते १००० मीटर सहज पोहता येऊ लागले की समुद्राचा विचार करावा, असे साधारणपणे मानतात. ही अट योग्यच आहे, पण पुरेशी नाही. नवशिक्याला समुद्रात दम कमी पडतो म्हणून क्वचितच अडचण येते. बहुतेक वेळा तो ज्या पाण्यात पोहत असतो ते पाणीच कुठेतरी निघालेले असते आणि हे त्याच्या उशिरा लक्षात येते. म्हणून पहिले पोहणे किनाऱ्याला समांतर, पाय टेकतील अशा खोलीच्या जवळून आणि सोबतीला कोणी असतानाच करावे.

प्रवाहाचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. नवशिका १०० मीटरला सुमारे ३ मिनिटे घेतो, म्हणजे त्याचा वेग ताशी २ किलोमीटर. स्थिर पाण्यात ४०० मीटर जाऊन परत यायला त्याला २४ मिनिटे लागतील. आता किनाऱ्याला समांतर अर्ध्या नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ०.९ किलोमीटरचा प्रवाह आहे असे धरू. हा प्रवाह काठावरून जाणवतही नाही. प्रवाहाबरोबर निघाल्यास पहिले ४०० मीटर ८ मिनिटांत संपतात आणि आज आपण छान पोहतो आहोत असे वाटते. परतीला मात्र प्रत्यक्ष वेग ताशी १.१ किलोमीटर उरतो आणि त्याच अंतराला जवळजवळ २२ मिनिटे लागतात, तीही दमलेल्या आणि गारठलेल्या अंगाने. प्रवाह १ नॉटचा असेल तर हाच माणूस परतताना जवळपास जागच्या जागी हात मारत राहील. म्हणून जाताना प्रवाहाविरुद्ध जावे आणि येताना त्याच्याबरोबर यावे. मध्येच दम संपला तरी पाणी निघाल्या जागेकडेच नेते.

हा वेग उतरण्यापूर्वी मोजता येतो. वारा मंद असताना कमरेइतक्या पाण्याजवळ तरंगणारे एखादे पान किंवा शेवाळाचा झुपका हेरावा आणि काठाने त्याच्याबरोबर चालावे. मिनिटाला १५ मीटर सरकले तर तोच अर्ध्या नॉटचा प्रवाह. नांगरलेल्या बोटी नाक कुठे करून उभ्या आहेत, खुणेसाठी नांगरून ठेवलेल्या तरंगत्या बोयाच्या कोणत्या बाजूला पाण्याची शेपटी दिसते, यांवरून दिशा कळते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे आवश्यक आहेच. दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाण्याच्या चढ-उताराचा जवळपास अर्धा भाग सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत होतो, त्यामुळे ओढही सहसा तेव्हाच सर्वाधिक असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती आणखी वाढते. खडकाळ टोकापाशी पाणी दाटीने वळते आणि वेग घेते, म्हणून नवशिक्याने टोकाला वळसा घालू नये. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वाराही फसवा असतो: काठाजवळचे पाणी तो गुळगुळीत करतो, आणि परतताना तोच तोंडावर येतो.

रिप करंटची गोष्ट वेगळी. लाटांनी काठावर आणलेले पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत समुद्रात धावते. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधेच एक शांत, गडद पट्टा दिसतो, आणि नवख्याला नेमकी तीच उतरायची सुरक्षित जागा वाटते. जोरदार रिपचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत जाऊ शकतो. तो शर्यतीतल्या अव्वल पोहणाऱ्यालाही हरवतो. त्याविरुद्ध काठाकडे पोहू नये. आधी तरंगत राहून श्वास सांभाळावा आणि मदतीसाठी हात वर करावा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर सरकून, लाटा फुटत असतील तिथून आत यावे.

दिशा पाहणे म्हणजे साइटिंग. चूक सहसा एकच होते: पूर्ण डोके वर काढून, समोर बघत तिथेच श्वास घेणे. डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात आणि प्रत्येक वेळी वेग मोडतो. त्याऐवजी पुढचा हात पाण्यावर हलका दाबत फक्त गॉगल पाण्याबाहेर येईल इतकेच वर यावे, पाहावे आणि लगेच डोके बाजूला वळवून नेहमीसारखा श्वास घ्यावा. दर सहा ते दहा हातांनंतर एकदा पाहणे पुरते. लाटा असतील तर लाटेच्या माथ्यावर आल्यावरच पाहावे. एका नजरेत काही दिसले नाही तर थांबू नये, पुढच्या दोन-तीन वेळांत चित्र जुळते. बोया लहान असतो आणि लाटेआड जातो, म्हणून त्याच्या मागचा मनोरा, उंच इमारत किंवा डोंगराचा खाच खुणेसाठी निवडावा. काठावरच्या दोन खुणा एकामागे एक धरल्या तर आणखी फायदा होतो: त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की आपण वाहत चाललो आहोत हे कळते.

गार पाण्यात पहिली तीन मिनिटे सर्वांत धोक्याची. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर अचानक उतरताच आपोआप खोल श्वास ओढला जातो, श्वास भराभर चालतो आणि नाडी उसळते. तो श्वास पाण्याखाली ओढला गेला तर पाणी फुप्फुसात जाते, म्हणून उडी मारू नये. चालत उतरावे, मान आणि चेहऱ्यावर पाणी घ्यावे आणि एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येईपर्यंत चेहरा पाण्यात घालू नये. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पुढे थंडी हातापायांत उतरते. बोटे फाकून पंजासारखी ताठ होणे, ती जुळवता न येणे, हातांची गती मंदावणे ही बाहेर येण्याची खूण आहे. ‘अजून थोडे’ असे वाटणे तेव्हा विश्वासार्ह नसते.

बोटचालकाला पोहणारा म्हणजे लाटांत अधूनमधून दिसणारे एक डोके. निळी, काळी टोपी पाण्यात आणि पांढरी फेसात हरवते. झगझगीत नारिंगी, गुलाबी किंवा पोपटी टोपी घालावी आणि कमरेला पट्ट्याने बांधलेला त्याच रंगाचा, हवा भरलेला टो फ्लोट मागे ओढत न्यावा. फ्लोट दिसण्यासाठी आहे, लाइफ जॅकेटची जागा तो घेत नाही. वेगात जाणाऱ्या बोटीचे नाक वर उचललेले असते, त्यामुळे अगदी समोरचे पाणी चालकाला दिसतच नाही. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, त्यामुळे इंजिनाचा आवाज कोणत्या बाजूचा हे कानांना ठरवता येत नाही. तो ऐकू येताच थांबावे, उभे होऊन चहूकडे पाहावे आणि फ्लोट डोक्यावर धरून हलवावा. बोटींच्या वाटेत आणि धक्क्याच्या तोंडाशी पोहूच नये, विशेषतः सूर्य खाली असताना.

बाहेर आल्यावरही काही मिनिटे शरीराच्या आतले तापमान घसरत राहते. म्हणून बरे वाटत असले तरी आधी ओले कपडे काढून अंग पुसावे, वरच्या भागापासून कोरडे कपडे चढवावे, टोपी घालावी आणि गरम गोड पेय घ्यावे. लगेच गरम शॉवर घेतल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. थरथर थांबेपर्यंत गाडी चालवू नये. ती थांबली पण माणूस गोंधळलेला किंवा अडखळत बोलणारा असेल, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे.