पार्श्वभूमी : ‘स्टँडसमोर’ म्हणजे नेमकं कुठल्या स्टँडसमोर?

पूर्वी पाकिटावर ‘एसटी स्टँडसमोर, बाजाराजवळ’ एवढं लिहिलं तरी पत्र पोचायचं, कारण बाकीचं पोस्टमनला माहीत असायचं. 1972 साली पिनकोड आला. त्याने पत्र योग्य टपाल कार्यालयापर्यंत नेलं. दारापर्यंतचं काम पोस्टमनकडेच राहिलं. 2009 च्या शेवटी एका परदेशी ऑनलाइन नकाशाने भारतासाठी खुणा धरून रस्ता सांगायला सुरुवात केली, आणि ‘पेट्रोलपंपानंतर डावीकडे’ ही आपली रीत यंत्रात शिरली.

खरी पंचाईत खूण जागेवरून हलली की होते. पुण्याचं शिवाजीनगर एसटी स्टँड 2019 च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी दोनेक किलोमीटरवर वाकडेवाडीला गेलं, आणि नाव सोबत घेऊन गेलं. नकाशात काय करायचं यावर तेव्हापासून दोन मतं आहेत. एक पक्ष म्हणतो, जमिनीवर आज जे आहे तेवढंच दाखवा, जुना बिंदू पुसा. दुसरा म्हणतो, जुनी जागा ‘होती’ अशी खूण करून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप या कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशात ‘इथे बस स्थानक होतं’ असं नोंदवायची सोय आहे:

```
was:amenity=bus_station
```

पुसणाऱ्यांचं म्हणणं प्रवाशापुरतं बरोबर आहे. ज्याला गाडी पकडायची आहे त्याला वाकडेवाडीच हवी, जुन्या जागी पाठवलं तर त्याची गाडी चुकेल. पण ‘शिवाजीनगर स्टँडसमोरचं दुकान’ सांगणारा बहुधा 2019 आधीच्या ओळखीने बोलत असतो. पुसलेल्या नकाशात शोध घेतला तर तो थेट वाकडेवाडीला नेतो, आणि तिथेही स्टँडसमोर दुकानं असतातच, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही. म्हणून जुना बिंदू ठेवणंच शहाणपणाचं.

यातून वाट काढायची तर सांगणाऱ्याला दुसरी खूण विचारावी. ‘रेल्वे स्टेशन जवळ आहे का?’ याचं उत्तर ‘हो, चालत जाता येतं’ आलं तर जुनी जागा, ‘जुन्या मुंबई रस्त्याला लागून’ आलं तर वाकडेवाडी. मग स्टँडचं कोणतं फाटक ते विचारायचं. नकाशातला बिंदू बहुतेकदा आवाराच्या मधोमध असतो, पण लोक ‘समोर’ म्हणतात ते फाटकापासून. आणि गाड्या आत येतात ते फाटक व बाहेर पडतात ते फाटक कित्येक ठिकाणी वेगवेगळ्या रस्त्यांवर असतं. (नाशिकला तर ठक्कर बाजार हे स्टँडचंच नाव. तिथे ‘बाजाराजवळ’ ऐकून भाजीबाजार शोधणाऱ्याचं कठीण आहे.)

2025 मध्ये टपाल खात्याने साधारण चार मीटरच्या चौकोनाला दहा अंक-अक्षरांचा डिजिटल पत्ता दिला. फोनवर पत्ता सांगणारा मात्र अजून स्टँडच सांगतो. शिवाजीनगरचं स्टँड जुन्या जागी परत आणायचं ठरलेलं आहे. ते आलं की वाकडेवाडीच्या बिंदूलाही हीच `was:` लावावी लागेल.