दुहेरी राउटिंग

घरातल्या एकाच इंटरनेट जोडणीवर एकामागे एक असे दोन राउटर बसले आणि दोघेही पत्ते वाटू लागले, तर त्या मांडणीला दुहेरी राउटिंग किंवा डबल नॅट म्हणतात. फायबरवाले भिंतीवर जो डबा लावून जातात त्याला आपण मोडेम म्हणतो, पण त्यात बहुतेक वेळा राउटर आणि वायफायही असतं. त्याची रेंज आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून माणूस स्वतःचा राउटर आणतो, डब्याच्या घराकडच्या लॅन पोर्टातली केबल त्याच्या इंटरनेटकडच्या वॅन पोर्टात लावतो आणि इंटरनेट सुरू होतं. सगळं सुरळीत दिसत असल्यामुळेच हा दोष महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

राउटर दोन कामं करतो. घरातल्या प्रत्येक उपकरणाला तो `192.168.0.23` सारखा खाजगी पत्ता देतो. हे पत्ते लाखो घरांत तेच ते असतात, त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर राउटर स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो आणि ते कोणाकडून आलं याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद पाहून ते योग्य उपकरणाकडे वळवतो. पत्ते बदलण्याच्या या कामाला नॅट म्हणतात. दुहेरी राउटिंगमध्ये हीच अदलाबदल दोनदा होते. ब्राउझिंग, व्हिडिओ, ईमेल यांना त्याचा त्रास नाही, कारण तिथे सुरुवात घरातून होते आणि दोन्हीकडे नोंद असते. अडतं ते बाहेरून आपणहून येणारं पाकीट.

उदाहरण घेऊ. कंपनीच्या डब्याचा पत्ता `192.168.1.1`. त्याने आपल्या राउटरला `192.168.1.7` दिला, आणि राउटरने गेमिंग कन्सोलला `192.168.0.23`. एक्सबॉक्सला मित्रांशी थेट जोडण्यासाठी राउटरवरचा ३०७४ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं क्रमांक दिलेलं दार, उघडा लागतो. यूपीएनपी वापरून तो राउटरला तशी विनंती करतो आणि राउटर लगेच पोर्ट उघडतो. पण ज्याला तो इंटरनेटची बाजू समजतो ती डब्याचीच आतली बाजू असते, आणि डब्याला या विनंतीची खबरच नसते. मित्राकडून आलेलं पाकीट तिथेच टाकून दिलं जातं. पडद्यावर `Double NAT detected` किंवा `Strict` दिसतं, प्लेस्टेशनवर `NAT Type 3`. घरचा कॅमेरा किंवा स्वतःचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

गेम मंदावण्याचं खापर मात्र पत्त्यांच्या अदलाबदलीवर फोडणं चूक आहे. तिला जेमतेम एखादा मिलिसेकंद लागतो. खरा विलंब येतो तो थेट जोडणी न जमल्याने खेळ दूरच्या मध्यस्थ सर्व्हरवरून फिरतो तेव्हा. शिवाय दोन्ही डब्यांचं वायफाय चालू राहिलं आणि चॅनेल जुळले, तर ते एकमेकांच्या आड येतात.

ओळखण्यासाठी विंडोजवर ही आज्ञा द्यावी:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिल्या ओळीत `192.168.0.1` आणि दुसऱ्या ओळीत `192.168.1.1` आलं तर संशय घ्यावा. खात्री करायची तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता पाहावा. तो `192.168.` किंवा `10.` ने सुरू होत असेल तर आपला राउटर दुसऱ्या कोणत्यातरी राउटरच्या मागे आहे.

सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकणं. मग तो फक्त सिग्नल पुढे देतो आणि पत्ते वाटण्याचं काम एकट्या आपल्या राउटरकडे येतं. जोडणी पीपीपीओई प्रकारची असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि बऱ्याचदा व्हीलॅन क्रमांक कंपनीकडून आधी घेऊन ठेवावा. ही माहिती हाती नसताना मोड बदलला तर घरचं इंटरनेट बंद पडतं. कंपनी ऐकत नसेल तर उलटं करावं: आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा, म्हणजे पत्ते डबाच वाटेल आणि राउटर केवळ वायफाय पसरवेल. हा मोड नसलेल्या जुन्या राउटरवर पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करून केबल लॅन पोर्टात लावली तरी तेच साधतं. मात्र डीएचसीपी बंद करायचं राहिलं, तर एकाच जाळ्यात दोघे पत्ते वाटू लागतात. कोणाला कुठला पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही आणि मोबाइल अधूनमधून इंटरनेटविना पडतो. हा बिघाड डबल नॅटपेक्षा कितीतरी त्रासदायक. तिसरी वाट म्हणजे डब्याच्या डीएमझेड रकान्यात `192.168.1.7` भरणं. मग बाहेरून येणारं सगळं सरळ आपल्या राउटरकडे जातं. अदलाबदल दोनदाच होते, पण अडथळा संपतो.

हे सगळं करूनही वॅन पत्ता `100.64` ते `100.127` यांमधला दिसला, तर आणखी एक नॅट कंपनीच्या बाजूला आहे. सार्वजनिक पत्ते कमी पडतात म्हणून अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवलं जातं, आणि २०१२ मध्ये ही पत्त्यांची पट्टी त्याचसाठी राखून ठेवली गेली. घरातल्या कुठल्याही सेटिंगने ते हटत नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा लागतो, किंवा डबा, राउटर आणि गेम तिघांनाही आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालत असेल तर त्यावरून जाता येतं.