वाळूचा ड्रेन म्हणजे बारीक स्टोन कॉलम नव्हे

उरण-पनवेलच्या खाडीकडचं काम पुण्यातल्या डिझाइन ऑफिसात आलं की हे हमखास ऐकू येतं: "माती मऊ आहे ना? मग स्टोन कॉलम नाहीतर सँड ड्रेन, काहीतरी एक टाकू." दोन्हींत जमिनीत उभं भोक पाडतात आणि दाणेदार माल भरतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल असं वाटतं. ते चालत नाही. (पुण्याची काळी माती यात धरू नका. तिचा त्रास फुगण्या-आकसण्याचा, आणि खाली लवकर मुरूम लागतो.)

स्टोन कॉलम बहुतेकांना माहीत आहे: खडी ठोकून भरलेला कडक खांब, जो इमारतीचा भार स्वतःवर ओढून घेतो. वाळूचा ड्रेन भार घेत नाही. चिकणमातीतल्या पाण्याला तो फक्त जवळची वाट देतो. पण पाणी बाहेर ढकलायला वर वजन हवं, आणि ते वजन म्हणजे प्रीलोडिंग: बांधकामाआधी टाकायचा आणि काम झालं की काढायचा तात्पुरता भराव. भराव न टाकता नुसते ड्रेन घातले, तर पैसे मातीत गेले.

हिशेबच मांडतो. आठ मीटर मऊ चिकणमाती, वर-खाली दोन्हीकडे निचरा, आणि वर तीन मीटर मुरमाचा भराव, म्हणजे सुमारे 60 किलोपास्कल. दाबाखाली माती किती आवळते याचा गुणांक 0.8 चौ.मी. प्रति मेगान्यूटन धरला, तर ती शेवटी सुमारे 38 सेंटिमीटर खचेल. निचऱ्याचा गुणांक वर्षाला 1 चौ.मी. असेल, तर त्यातलं 90 टक्के खचणं पुरं व्हायला साडेतेरा वर्षं लागतील. आता 30 सेंटिमीटर व्यासाचे ड्रेन दीड मीटरवर त्रिकोणी मांडणीत घाला. तेच काम आठ-नऊ महिन्यांत होतं. भोक पाडताना कडेची माती लिंपली गेली तर थोडं जास्त. खचणं मात्र 38 सेंटिमीटरच. ड्रेननं वेळ बदलला, आकडा नाही.

स्टोन कॉलम हा आकडाच बदलतो. एकूण क्षेत्राच्या 20 टक्के जागेत कॉलम असतील आणि कॉलमवरचा ताण मातीवरच्या चौपट असेल, तर 38 चे साधारण 24 सेंटिमीटर होतात. शून्य नाही! शिवाय खडीतूनही पाणी निघतं, आणि गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं: कॉलम निचराही करतो, पण म्हणून ड्रेन भार पेलत नाही.

कॉलमला आजूबाजूच्या मातीचा आधार लागतो. तिची अनिचरित कातरशक्ती, म्हणजे पाणी निघायच्या आधीची ताकद, 15 किलोपास्कलच्या खाली असेल, तर खडी वरच्या भागात बाजूला फुगते. अशा जागी मी आधी ड्रेन आणि प्रीलोडिंगच सुचवतो. वेळापत्रकात ते महिने नसतील, तर ते आधीच स्पष्ट सांगावं.

भराव कॅलेंडर बघून काढणं मला मुळीच मान्य नाही. खचणं मोजणाऱ्या सेटलमेंट प्लेटची वक्ररेषा सपाट होत आलेली दिसली पाहिजे आणि पिझोमीटरवर दिसणारा मातीतल्या पाण्याचा वाढीव दाब उतरलेला असला पाहिजे. प्लेट थांबली पण दाब तसाच असेल, तर भराव राहू द्या आणि ड्रेन कुठे तुटलाय का ते बघा.