थुंकी की बेडका : टीबीच्या एका पोस्टरवरच्या ओळीची पार्श्वभूमी

तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेने टीबीचं पोस्टर काढायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या मसुद्यात पाच सूचना होत्या: खोकताना तोंड झाका, उघड्यावर थुंकू नका, सकस आहार घ्या, तपासणी करा, औषधं अर्धवट सोडू नका. अखेर भिंतीवर गेली ती एकच. हे का झालं ते कळायला या पाच ओळी कुठून आल्या ते पाहावं लागतं, कारण प्रत्येक ओळ वेगळ्या काळातली आहे.

थुंकण्यावरची ताकीद सॅनेटोरियमच्या जमान्यातली, म्हणजे औषधच नव्हतं तेव्हाची. रोगी वेगळा ठेवायचा, त्याची भांडी वेगळी, अंथरूण वेगळं. मद्रासमधल्या एका अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिलं की, घरी राहून गोळ्या घेतल्या तरी सॅनेटोरियमइतकाच गुण येतो; घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढत नाही, हे त्याच अभ्यासातून पुढे दिसलं. १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम घरच्या उपचारांवरच उभा राहिला. वेगळं ताट मात्र अनेक घरांत अजून आहे. 'अर्धवट सोडू नका' ही ओळ प्रामुख्याने डॉट्सच्या वर्षांत भिंतीभिंतीवर गेली. तेव्हा गोळ्या कुणासमोर तरी गिळायच्या असत आणि सगळा भर कोर्स पुरा करण्यावर होता. त्या ओळी आधीच उपचार सुरू असलेल्या माणसासाठी होत्या. ज्याला नुसता खोकला आहे आणि जो अजून कुणाकडे गेलेला नाही, त्याला त्यातून काहीच सांगितलं जात नव्हतं.

संस्थेला नेमकं त्यालाच गाठायचं होतं. म्हणून 'क्षयरुग्णांनी त्वरित तपासणी करून घ्यावी' ही ओळ पहिल्याच बैठकीत गेली. तपासणी झालेली नाही तो रुग्ण कसा? 'संशयित' हा शब्दही नको होता. त्याला पोलिसी वास आहे, आणि जागतिक पातळीवरच्या व्याख्यांतूनही त्याच्या 'सस्पेक्ट' या इंग्रजी जोडीदाराला २०१३ मध्ये रजा मिळाली. त्या जागी सरळ प्रश्न आला: 'पंधरा दिवसांहून जास्त खोकला आहे?' जुन्या भिंतींवर 'तीन आठवडे' दिसतं, कारण आधी निकष तोच होता. पुढे तो दोन आठवड्यांवर आला. दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस हे खरं, पण आपल्या बोलण्यात ते 'पंधरा दिवस'च असतात.

खरा वाद पेटला तो पुढच्या शब्दावर. फॉर्मवर, फलकांवर सर्रास 'थुंकी तपासणी' छापलेलं असतं. कार्यकर्त्यांपैकी निम्म्यांना तेच हवं होतं. 'बेडका' हा शब्द त्यांना किळसवाणा वाटत होता. पण थुंकी म्हणजे तोंडातली लाळ. थुंकी मागितली की माणूस प्रामाणिकपणे थुंकतो. डबीत पातळ, फेसाळ पाणी येतं, त्यात जंतू नसतात किंवा फार थोडे असतात, आणि छातीत आजार असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो. तो माणूस मग निर्धास्त घरी जातो आणि खोकत राहतो. लागतो तो छातीतून खोकून काढलेला घट्ट, चिकट, बहुधा पिवळसर बेडका, दोन ते पाच मिलिलिटर. मधला मार्ग म्हणून 'कफ' सुचवला गेला. पण आपल्याकडे सर्दी झाली तरी कफ आणि घसा बसला तरी कफ. वैद्यांचा कफ तर आणखी निराळा. त्यामुळे तो शब्दही टिकला नाही.

माझ्या मते 'बेडका' लिहिणंच आदराचं होतं. गावातली आजी तो शब्द न लाजता वापरते. लाज वाटत होती ती आम्हा छापणाऱ्यांना, आणि तिची किंमत आजीने चुकीच्या रिपोर्टाने का मोजावी?

शेवटी ठरलेली ओळ अशी: 'पंधरा दिवसांहून जास्त खोकला आहे? जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. पैसे लागत नाहीत.' 'तपासा'ऐवजी 'तपासून घ्या', कारण त्यात हुकूम कमी आहे. कवटीचं चित्र गेलं, त्याजागी झाकणाची डबी आली. 'क्षय' हा शब्दही मथळ्यातून काढून खाली बारीक अक्षरांत टाकला, कारण भर चौकात त्या नावाच्या पोस्टरसमोर थांबून वाचणं सगळ्यांनाच जमत नाही. यावर अजून मतभेद आहेत. नाव लपवलं की आजाराची लाज वाढते असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग जोरात खोका, शक्यतो सकाळी उठल्याउठल्या, हे सगळं पोस्टरवर घ्यायचा आग्रह होता. ते डबीच्या लेबलवर गेलं, आणि डबी देताना आशाताई तोंडी सांगतात.